बजेट परिशिष्ट आणि कामाशी जोडलेले हप्ते: कोणत्या क्रमानं लिहायचं, कुठे चुकतं

दोन संस्थांमधल्या कराराच्या मूळ मजकुरावर आठवडेच्या आठवडे चर्चा होते, आणि बजेटचं परिशिष्ट मात्र सहीच्या आदल्या दिवशी जुन्या करारातून उचलून जोडलं जातं. पुढे वाद होतो तो बहुतेक वेळा याच दोन पानांवरून: हप्ता कधी देय झाला, काम ‘पूर्ण’ झालं म्हणजे नेमकं काय झालं, उरलेले पैसे कोणाचे.

चूक बहुधा एकाच प्रकारची असते. आधी एकूण रक्कम ठरते, मग तिचे चार-सहा सारखे भाग पडतात, आणि शेवटी प्रत्येक भागासमोर कुठल्यातरी अहवालाचं नाव लिहिलं जातं. हा क्रम उलटा आहे. आधी पैशाचं स्वरूप, मग खर्च, मग डिलिव्हरेबल, म्हणजे सुपूर्द करून तपासता येईल असं ठरलेलं काम, मग महिन्यांचा तक्ता, आणि हप्त्यांच्या रकमा सर्वांत शेवटी, असं गेलं तरच परिशिष्ट टिकतं.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. एक संस्था पैसे देणार आहे. तिला ‘देणारी संस्था’ म्हणू. दुसरी काम करणार आहे. ती ‘करणारी संस्था’. काम दहा महिन्यांचं: गटप्रमुखांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका तयार करून तिच्या ३०० प्रती छापायच्या, तिच्या आधारे प्रशिक्षणाच्या ८ फेऱ्या घ्यायच्या आणि शेवटी अहवाल द्यायचा. आकडे उदाहरणापुरते आहेत, चलन तुमच्या करारातलं धरा.

## टप्पा १: पैसे निकालाचे की खर्चाचे, हे आधी ठरवा

एक्सेल उघडण्याआधी दोन्ही संस्थांनी एका प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायला हवं. मांडणी आणि छपाईसाठी १,००,००० धरले आणि काम ८५,००० मध्ये झालं, तर वाचलेले १५,००० कोणाचे?

उत्तर दोनच प्रकारचं असू शकतं. पहिल्या प्रकारात रक्कम ठरावीक असते. ३०० प्रती ठरल्या दर्जाच्या मिळाल्या की ठरलेला हप्ता द्यायचा. करणाऱ्या संस्थेला त्या कितीत पडल्या हा तिचा प्रश्न. वाचले तर तिचे, जास्त लागले तरी तिचेच. इथे बजेट हा किंमत कशी ठरली याचा आधार असतो, खर्चाच्या पावत्या मागायच्या नसतात. दुसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष खर्च भरून दिला जातो. हप्ते कामाच्या टप्प्यांवर सुटतात, पण ते खर्चापोटी दिलेली उचल असतात. शेवटी खर्चाचं विवरण, पावत्या, हिशेब, आणि उरलेली रक्कम परत.

दोन्ही पद्धती योग्य आहेत. बिघडतं ते दोन्हींची सरमिसळ झाल्यावर. हप्ते ‘अहवाल स्वीकारल्यावर देय’ असं लिहायचं आणि खाली ‘अखर्चित रक्कम परत करावी’ हे जुन्या करारातलं वाक्यही ठेवायचं. अशा कागदावर सही झाली की करणारी संस्था दोन्हीकडून अडकते: काम नापसंत झालं तर हप्ता नाही, आणि काम काटकसरीनं केलं तर बचतही नाही.

एखाद्या कामात दोन्ही पद्धती खरोखरच लागतात. तज्ज्ञांचं मानधन ठरावीक आणि प्रवास प्रत्यक्ष खर्चानुसार, अशी मागणी रास्त आहे. तसं असेल तर दोन वेगळे तक्ते करा, ‘भाग अ’ आणि ‘भाग ब’, आणि भाग ब ला कमाल मर्यादा लिहा. एकाच तक्त्यात तळटीपा देऊन हे जमवू नका.

आपल्या उदाहरणात संपूर्ण रक्कम ठरावीक आहे असं धरू. म्हणून परिशिष्टाचं पहिलंच वाक्य असं येईल:

> या परिशिष्टातील रकमा ठरावीक आहेत. डिलिव्हरेबल स्वीकारले गेल्यावर संबंधित हप्ता पूर्ण देय होईल. प्रत्यक्ष खर्च कमी वा जास्त झाल्याने हप्त्याची रक्कम बदलणार नाही.

तपासा: मूळ करारात ‘अखर्चित’, ‘परतफेड’, ‘पावत्या’, ‘लेखापरीक्षण’ हे शब्द शोधा. ते सापडले आणि परिशिष्ट ठरावीक रकमेचं असेल, तर त्या कलमांचा मजकूर आत्ताच बदलून घ्या.

## टप्पा २: बजेट खालून वर बांधा

एकूण आकडा आधी ठरलेला असला तरी बजेट नग आणि दर यांपासूनच बांधायचं. ‘मनुष्यबळ: ५,००,०००’ अशी ओळ कोणालाच उपयोगाची नसते, काम कमी-जास्त झालं की तिला हात कुठे लावायचा ते कळत नाही.

आपल्या उदाहरणात ओळी अशा पडतात. समन्वयक निम्म्या वेळेसाठी: महिना ६०,००० चा निम्मा, म्हणजे ३०,००० × १० महिने = ३,००,०००. विषयतज्ज्ञ: ४० दिवस × ५,००० = २,००,०००. पुस्तिका: मांडणी ४०,००० आणि ३०० प्रती × २०० = ६०,०००, मिळून १,००,०००. प्रशिक्षण: ८ फेऱ्या × ४५,००० = ३,६०,०००. थेट खर्चाची बेरीज ९,६०,०००.

आता ओव्हरहेड, म्हणजे कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, वीज अशा खर्चातला या कामाचा वाटा. समजा दोघांचं ‘१० टक्के’ ठरलं. पण कशाचे १० टक्के? थेट खर्चाचे धरले तर ९६,००० आणि एकूण १०,५६,०००. एकूण रकमेचे धरले तर १,०६,६६७ आणि एकूण १०,६६,६६७. फरक १०,६६७ चा, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीनं बरोबर. म्हणून टक्केवारीसोबत तिचा पाया लिहाच: ‘थेट खर्चाच्या बेरजेवर १० टक्के’. आपण हाच पाया आणि १०,५६,००० ही रक्कम धरून पुढे जाऊ.

बजेटखाली तीन ओळी न चुकता हव्यात. रकमांत कर धरलेला आहे की वर वेगळा लागेल. रक्कम कोणत्या चलनात दिली जाईल. आणि बँकेचे पैसे पाठवण्याचे शुल्क कोण भरेल. दोन संस्था वेगळ्या देशांत असतील तर विनिमय दर कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या स्रोताचा, हेही. ओळी छोट्या आहेत, पण त्या नसल्या की प्रत्येक हप्त्याला थोडेथोडे पैसे कमी येतात आणि प्रत्येक वेळी पत्रव्यवहार करावा लागतो.

खबरदारी: एक्सेलमध्ये आकडे दर्शनी रूपात पूर्णांक दिसले तरी आत अपूर्णांक तसेच असू शकतात, आणि तक्ता वर्डमध्ये नेताना दर्शनी रूपच जातं. छापलेल्या ओळींची बेरीज कॅल्क्युलेटरवर हातानं करून बघा. ती छापलेल्या एकूण रकमेशी तंतोतंत जुळली नाही तर एका ओळीत दुरुस्ती करा, ‘पूर्णांकामुळे फरक’ अशी टीप देऊन सोडू नका.

## टप्पा ३: डिलिव्हरेबल असं लिहा की तिसऱ्या माणसाला तपासता यावं

माझ्या मते साऱ्या परिशिष्टातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे, आणि यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो.

कसोटी एकच. प्रकल्पाशी संबंध नसलेल्या हिशेबनिसाच्या हातात कागद द्या आणि विचारा, ‘हे झालं की नाही, तुम्ही सांगू शकाल का?’ तो कोणालाही फोन न करता हो किंवा नाही म्हणू शकला, तरच ते डिलिव्हरेबल.

‘प्रशिक्षणाच्या पहिल्या चार फेऱ्या यशस्वीपणे पूर्ण झाल्यावर’ हे या कसोटीवर उतरत नाही. ‘यशस्वीपणे’ कोणी ठरवायचं? एका फेरीला अकराच जण आले तर ती फेरी धरायची का? तेच असं लिहून बघा:

> डिलिव्हरेबल ४: प्रशिक्षणाच्या फेऱ्या १ ते ४. प्रत्येक फेरी सलग २ दिवसांची, किमान २० प्रशिक्षणार्थी दोन्ही दिवस हजर. पुरावा: दोन्ही दिवसांची सह्या असलेली हजेरीपत्रके, आणि प्रत्येक फेरीचा कमाल ३ पानी अहवाल (ठरलेल्या नमुन्यात). मुदत: सहाव्या महिन्याची अखेर.

यात चार गोष्टी आहेत: काय, किती, कोणत्या पुराव्यानं आणि कधीपर्यंत. चारही प्रत्येक डिलिव्हरेबलला हव्यात. लिखित कामात ‘किती’ म्हणजे प्रकरणं किंवा पानं, भाषा आणि फाइलचा प्रकार. ‘उच्च दर्जाची पुस्तिका’ या शब्दांतून काहीच हाती लागत नाही. ‘परिशिष्ट क मधल्या प्रकरणसूचीप्रमाणे ९ प्रकरणं, प्रत्येकी एक सराव’ यातून लागतं.

दुसरी गोष्ट, डिलिव्हरेबल करणाऱ्या संस्थेच्या हातातलं असावं. ‘प्रशिक्षणानंतर गटप्रमुखांच्या कामात सुधारणा’ हा प्रकल्पाचा उद्देश आहे. त्यावर हप्ता टांगू नका. तसंच तिसऱ्या कोणाच्या मंजुरीवरही नको. मंजुरीसाठीचा अर्ज दाखल करणं आपल्या हातात असतं, मंजुरी मिळणं नसतं. म्हणून डिलिव्हरेबल अर्जाचं करा आणि पुरावा म्हणून पोच घ्या.

पण आपल्या उदाहरणात एक गाठ आहे. प्रशिक्षणार्थी पाठवणार आहे देणारी संस्था. यादी तिनं वेळेवर दिली नाही तर वीस जण येणार कुठून? अशा वेळी तक्त्यात आणखी एक रकाना लागतो: ‘देणाऱ्या संस्थेकडून लागणारं’. त्यात लिहायचं, ‘प्रत्येक फेरीच्या किमान २१ दिवस आधी २५ जणांची नावं’. आणि खाली एक वाक्य: हे मिळायला जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस डिलिव्हरेबलची मुदत आपोआप पुढे जाईल, आणि पूर्ण यादीची नावं देऊनही लोक आले नाहीत, तर फेरी झाली असं धरलं जाईल. हे वाक्य मागायला करणाऱ्या संस्था संकोचतात. संकोचायचं कारण नाही. देणाऱ्या संस्थेलाही आपल्या माणसांना यादीसाठी मागे लागायला त्याचा उपयोग होतो.

तपासा: डिलिव्हरेबलच्या मजकुरात ‘योग्य’, ‘समाधानकारक’, ‘पुरेसा’, ‘आवश्यकतेनुसार’ यांपैकी काही आलं असेल तर तिथे आकडा किंवा नमुना घाला.

## टप्पा ४: खर्चाचा महिन्यांचा तक्ता मांडा

हा तक्ता परिशिष्टात जात नाही. तो तुमच्यापाशी राहतो, पण त्याच्याशिवाय हप्ते ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

बजेटची प्रत्येक ओळ कोणत्या महिन्यात खर्च होणार ते मांडा. उदाहरणात तज्ज्ञांचे दिवस पहिल्या तीन महिन्यांत जातात (१०, १५, १५), मांडणी आणि छपाई चौथ्यात, फेऱ्या पाचव्या ते आठव्यात दर महिन्याला दोन, आणि समन्वयक दहाही महिने. त्यावर १० टक्के ओव्हरहेड धरला की महिन्याचा खर्च असा येतो: पहिल्यात ८८,०००; दुसऱ्या-तिसऱ्यात १,१५,५००; चौथ्यात १,४३,०००; पाचव्या ते आठव्यात १,३२,०००; शेवटच्या दोन महिन्यांत ३३,०००.

आता सारख्या हप्त्यांची नेहमीची पद्धत लावून बघू. सहा डिलिव्हरेबल, प्रत्येकी १,७६,०००. पहिलं कार्ययोजनेचं, पहिल्या महिन्याअखेर. मग पूर्ण मसुदा तिसऱ्या, छापील पुस्तिका चौथ्या, फेऱ्या सहाव्या आणि आठव्या, अहवाल दहाव्या महिन्याअखेर. काम सुपूर्द केल्यावर तपासणीला १५ दिवस आणि इनव्हॉइसनंतर पैसे यायला १५ दिवस, म्हणजे प्रत्येक हप्ता साधारण एक महिना मागून येतो. हा महिना बहुतेक जण विसरतात.

परिणाम बघा. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस, पहिला हप्ता हातात पडण्याआधी, २,०३,५०० खर्च झालेले असतात. सातव्या महिन्याच्या अखेरीस, चौथा हप्ता येण्याआधी, खर्च ८,५८,००० आणि आलेले पैसे ५,२८,०००. म्हणजे करणारी संस्था ३,३०,००० स्वतःच्या खिशातून चालवते आहे, जवळपास एकूण रकमेचा तिसरा हिस्सा. मोठी संस्था हे सोसेल. लहान संस्था समन्वयकाचा पगार थांबवेल किंवा फेऱ्या पुढे ढकलेल. फेऱ्या पुढे गेल्या की हप्ताही पुढे जातो, आणि प्रकल्प तिथेच रुततो. बाहेरून मात्र दिसतं ते ‘संस्था मुदती पाळत नाही’ एवढंच.

## टप्पा ५: आता हप्ते बसवा

दोन टोकं सांभाळायची आहेत. करणाऱ्या संस्थेची तूट तिला झेपेल इतकीच राहावी, आणि देणाऱ्या संस्थेचे पैसे झालेल्या कामाच्या फार पुढे जाऊ नयेत. यासाठी तीन गोष्टी करता येतात: पहिलं डिलिव्हरेबल लवकर आणि छोटं ठेवायचं, मोठं डिलिव्हरेबल फोडायचं, आणि शेवटचा हप्ता लहान ठेवायचा.

उदाहरणात कार्ययोजना पंधराव्या दिवशीच मागू. तिची तपासणी ५ दिवसांत, पैसे १० दिवसांत. मसुदा पूर्ण होईपर्यंत न थांबता दुसऱ्या महिन्याअखेर पहिली ३ प्रकरणं मागू. देणाऱ्या संस्थेच्याही हे फायद्याचं, कारण सूर चुकला असेल तर तो नऊ प्रकरणं लिहून झाल्यावर नव्हे, तीन झाल्यावर कळतो.

| हप्ता | डिलिव्हरेबल | सुपूर्द करायची मुदत | रक्कम |
|---|---|---|---|
| १ | कार्ययोजना | १५ वा दिवस | २,२०,००० |
| २ | पुस्तिकेची पहिली ३ प्रकरणं | २ ऱ्या महिन्याची अखेर | २,००,००० |
| ३ | छापील पुस्तिका, ३०० प्रती | ४ थ्या महिन्याची अखेर | २,४०,००० |
| ४ | फेऱ्या १ ते ४ | ६ व्या महिन्याची अखेर | २,१०,००० |
| ५ | फेऱ्या ५ ते ८ | ८ व्या महिन्याची अखेर | १,१०,००० |
| ६ | अंतिम अहवाल | १० व्या महिन्याची अखेर | ७६,००० |
| | | एकूण | १०,५६,००० |

सर्वांत मोठी तूट आता सातव्या महिन्याअखेर, चौथा हप्ता येण्याच्या आदल्या दिवशी, १,९८,००० ची आहे. आधी ती ३,३०,००० होती. देणाऱ्या संस्थेच्या बाजूनं पाहिलं तर पहिल्या महिन्याअखेर तिचे पैसे खर्चाच्या १,३२,००० पुढे असतात, आणि तेवढाच तिचा सर्वांत मोठा धोका. १,९८,००० सुद्धा झेपत नसतील तर चौथा हप्ता दोन-दोन फेऱ्यांत फोडा. पहिला हप्ता फुगवण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण त्यानं समोरच्याचा धोका वाढत नाही.

एकदा ताण देऊनही बघा: चौथा हप्ता अर्धा महिना उशिरा आला तर? आठव्या महिन्याचा निम्मा खर्च, ६६,०००, वर चढतो आणि तूट २,६४,००० होते. हा आकडा करणाऱ्या संस्थेच्या खजिनदाराला सहीआधी दाखवा.

शेवटचा हप्ता ७६,००० म्हणजे साधारण ७ टक्के आहे. अहवाल मिळवण्यासाठी तेवढा पुरतो. देणारी संस्था इथे २५-३० टक्के अडकवू पाहते, पण त्या वेळेपर्यंत जवळपास सारा खर्च होऊन गेलेला असतो.

खबरदारी: हप्त्याची रक्कम आणि त्या डिलिव्हरेबलचा खर्च ही एकच गोष्ट नव्हे. पाचवा हप्ता १,१०,००० चा आहे, पण चार फेऱ्यांचा खर्च ओव्हरहेडसह १,९८,००० येतो. म्हणून एखादी फेरी झालीच नाही तर कपात हप्त्याला चारनं भागून करायची नाही. तशी केली तर चौथ्या हप्त्यातली फेरी ५२,५०० ला पडेल आणि पाचव्यातली २७,५०० ला, काम मात्र तेच. कपातीचा दर बजेटमधून घ्या: ४५,००० अधिक १० टक्के, म्हणजे न झालेल्या प्रत्येक फेरीमागे ४९,५००. हा दर तक्त्याखाली लिहून ठेवा.

## टप्पा ६: स्वीकृतीला मुदत लावा

‘देणाऱ्या संस्थेने स्वीकारल्यावर हप्ता देय’ एवढंच लिहिलं तर देणाऱ्या संस्थेतल्या एका रजेवर गेलेल्या माणसामुळे हप्ता दोन महिने अडतो. स्वीकृतीच्या कलमात चार गोष्टी हव्यात.

पहिली, कोण स्वीकारणार. व्यक्तीचं नाव नको, पद लिहा, आणि ते पद रिकामं असल्यास पर्यायी पद. दुसरी, किती दिवसांत: आपल्या उदाहरणात १५ दिवस, कार्ययोजनेसाठी ५. तिसरी, नाकारायचं असेल तर लेखी, डिलिव्हरेबलच्या लिहिलेल्या निकषाचा उल्लेख करून, आणि सगळे मुद्दे एकदम. दुसऱ्या तपासणीत फक्त आधीचे मुद्दे दुरुस्त झाले का एवढंच पाहायचं. नवे काढायचे नाहीत. चौथी, मुदतीत उत्तर आलं नाही तर काम स्वीकारलं गेलं असं धरायचं.

चौथ्या वाक्याला देणाऱ्या संस्था बिचकतात. त्यांना मधला मार्ग सुचवता येतो: मुदत संपल्यावर करणारी संस्था एक स्मरणपत्र पाठवेल, आणि त्यानंतर ५ दिवसांत उत्तर नाही आलं तर स्वीकृती धरली जाईल. हे बहुधा मान्य होतं.

दिवस कॅलेंडरचे की कामकाजाचे, तेही लिहा. १५ कामकाजाचे दिवस म्हणजे आठवड्याला पाच धरले तर कॅलेंडरचे तीन आठवडे. मग महिन्यांच्या तक्त्यात पैसे आणखी मागे सरकतात, आणि तूट पुन्हा मोजावी लागते.

काही कामं अंशतः स्वीकारण्याजोगी असतात. चारपैकी तीन फेऱ्यांची कागदपत्रं पूर्ण आहेत, चौथीचं एका दिवसाचं हजेरीपत्रक राहिलंय, तर सगळे २,१०,००० अडवणं अन्यायाचं आहे. अशा वेळी ४९,५०० राखून बाकीचे १,६०,५०० सोडता येतील अशी तरतूद आधीच ठेवा.

## टप्पा ७: परिशिष्ट आणि मूळ करार शेजारी ठेवून वाचा

परिशिष्ट पूर्ण झालं की दोघांनी बसून, एकानं करार आणि दुसऱ्यानं परिशिष्ट हातात घेऊन, मोठ्यानं वाचायचं. विसंगती डोळ्यांनी निसटते, कानाला खटकते. विशेष लक्ष या जागी द्या.

पैसे देण्याची मुदत मूळ करारात ३० दिवस आणि परिशिष्टात १५, असं फार वेळा आढळतं. त्यातच करारात कुठेतरी ‘विसंगती असल्यास मूळ करार ग्राह्य’ असं वाक्य असतं, आणि तुमचा सगळा तक्ता त्या एका वाक्यानं बिघडतो. एक तर आकडे एकसारखे करा, किंवा पैशाच्या बाबतीत परिशिष्ट ग्राह्य असं लिहून घ्या.

कराराची शेवटची तारीख हीही अशीच जागा. काम दहा महिन्यांचं म्हणून करारही दहा महिन्यांचा केला, तर अंतिम अहवाल शेवटच्या दिवशी सुपूर्द होतो, आणि त्याची तपासणी व हप्ता करार संपल्यावर येतो. अनेक संस्थांच्या लेखा विभागात संपलेल्या करारावर पैसे सुटत नाहीत. करार बारा महिन्यांचा करा आणि कामाची मुदत दहा महिन्यांची ठेवा.

तिसरी जागा, करार मुदतीआधी संपवण्याचं कलम. ‘तोपर्यंत स्वीकारलेल्या कामाचे पैसे दिले जातील’ एवढंच असेल तर अर्धवट कामाचं काय? फेऱ्यांसाठी ४९,५०० चा दर आहेच. पुस्तिकेसाठी प्रकरणामागे दर ठरवून ठेवा. आणि तज्ज्ञांना आधीच दिलेले, परत न मिळणारे पैसे कोण सोसणार, तेही.

तपासा: एकूण रक्कम किती ठिकाणी लिहिली आहे ते शोधा. करारातलं कलम, परिशिष्टाचा मथळा, बजेटची शेवटची ओळ, हप्त्यांची बेरीज आणि अक्षरी रक्कम, सगळीकडे तोच आकडा हवा. वाटाघाटीत रक्कम बदललेली असली तर अक्षरी रक्कम हमखास जुनीच राहते.

## टप्पा ८: सही, पहिला इनव्हॉइस आणि नंतरचे बदल

परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक, तारीख आणि दोन्ही संस्थांची लघुसही हवी. पाने एक्सेलमधून छापलेली असतील तर पृष्ठक्रमांक कराराच्या क्रमात घाला, म्हणजे पान बदललं गेलं अशी शंका पुढे येणार नाही.

इनव्हॉइसमध्ये काय लागतं ते देणाऱ्या संस्थेच्या लेखा विभागाला सहीआधीच विचारा: कराराचा क्रमांक, हप्त्याचा क्रमांक, डिलिव्हरेबलचं नाव परिशिष्टात आहे तसंच, स्वीकृतीचं पत्र किंवा ईमेल, बँकेचा तपशील. पहिलं इनव्हॉइस एखादा शब्द वेगळा लिहिल्यामुळे परत येतं आणि दहा दिवस त्यातच जातात. रिकामा नमुना परिशिष्टाला जोडून ठेवलात की हे टळतं.

काम सुरू झाल्यावर बदल येणारच. आठऐवजी सात फेऱ्या, किंवा ३०० ऐवजी ४०० प्रती. बदल दोन प्रकारचे असतात आणि दोघांची वाट वेगळी ठेवावी. मुदत मागे-पुढे होणं, फेरीचं ठिकाण बदलणं असं ज्यात रक्कम आणि डिलिव्हरेबल तेच राहतं, ते दोन्ही बाजूंच्या ठरलेल्या पदाधिकाऱ्यांच्या ईमेलनं व्हावं. जिथे रक्कम, नग किंवा निकष बदलतो, तिथे परिशिष्टाची नवी आवृत्ती दोन्ही सह्यांसह काढा, आणि ती बदललेलं काम सुरू होण्याआधी काढा. जास्तीच्या १०० प्रतींचे २०,००० आणि त्यावरचा ओव्हरहेड २,००० फोनवर कबूल झालेले असतात, प्रती छापून होतात, आणि लेखा विभागाकडे मात्र ३०० प्रतींचाच कागद असतो. त्या २२,००० साठी मग सुधारित परिशिष्टावर मागची तारीख घालायची गळ घातली जाते. ती घालू नका. सुधारित परिशिष्ट आजच्या तारखेनं काढा आणि त्यात ‘अमुक तारखेपासून लागू’ असं स्पष्ट लिहा.